दत्तक बाळ घरी येताना बाबांची रजा: एचआरला कुठली तारीख आणि कुठला कागद द्यायचा

मी ठाण्यात राहतो आणि ऐरोलीत एका खासगी कंपनीत काम करतो. डिसेंबर २०२३ मध्ये आमची मुलगी दत्तक म्हणून घरी आली, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. रजा मंजूर झाली असं समजून मी निवांत होतो आणि डिसेंबरच्या पगारात दहा दिवस बिनपगारी लागले. पॉलिसीत रजा होती, मॅनेजरचा होकार होता, मग अडलं कुठे? तारखेत आणि कागदात. हा लेख मुख्यतः त्या दोन गोष्टींवर आहे. ज्यांच्या घरी बाळंतपण आहे किंवा सरोगसीने बाळ येणार आहे, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

१. आपली रजा कायद्याची की कंपनीची, हे आधी ठरवा

खासगी नोकरीतल्या बापाला रजा देणारा केंद्रीय कायदा नाही. २०१७ मध्ये पितृत्व रजेचं एक खासगी विधेयक संसदेत आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे एचआरकडे जाऊन ‘कायद्याने मिळते ना?’ असं विचारलंत तर संभाषण तिथेच संपेल. तुमचा आधार म्हणजे कंपनीची लेखी पॉलिसी. ती पीडीएफ इंट्रानेटवरून उतरवून स्वतःकडे ठेवा. पॉलिसी वर्षाच्या मध्येही बदलते, आणि अर्ज केला त्या दिवशी काय लिहिलं होतं हे नंतर दाखवावं लागतं.

दत्तक आईसाठी मात्र कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बाळ हातात मिळाल्यापासून १२ आठवडे पगारी रजा आली, पण बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असावं अशी अट घातली. या अटीत खरी गोम आहे. बाल न्याय कायद्याप्रमाणे जन्मदात्यांनी सोपवलेल्या बाळाच्या बाबतीत त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस द्यावे लागतात. सापडलेल्या दोन वर्षांखालच्या बाळाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करायलाही दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर जुळणी आणि संस्थेतल्या भेटी. म्हणजे तीन महिन्यांच्या आतलं बाळ घरी येणं हा योगच. आमच्या वेळी माझ्या बायकोच्या लॅबने हीच अट दाखवून तिचा अर्ज परत केला आणि ती सहा आठवडे बिनपगारी राहिली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि हा सगळा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्यामुळे तुमच्या घरातल्या आईने अर्ज करताना त्या दिवशीचा नियम बघूनच बोलावं, माझ्या २०२३ च्या अनुभवावर विसंबू नये.

पॉलिसीत बाबांसाठी दोन वेगवेगळ्या जागा शोधा. ‘पॅटर्निटी’ हा एक भाग आणि ‘अ‍ॅडॉप्शन’ हा दुसरा. काही कंपन्यांत आता ‘प्रायमरी केअरगिव्हर’ आणि ‘सेकंडरी केअरगिव्हर’ असे शब्द असतात. पहिल्याला बारा आठवडे किंवा जास्त, दुसऱ्याला पाच ते पंधरा दिवस, असं साधारण दिसतं. आमच्या पॉलिसीत हे शब्द होते आणि ‘प्रायमरी’ म्हणजे आईच असं कुठेही लिहिलं नव्हतं. जोडीदाराला तिच्या कंपनीकडून अशी रजा मिळत नाही, एवढं लिहून द्यायचं होतं. माझ्या बायकोला खरोखरच मिळत नव्हती. पण मी ‘सेकंडरी’वर टिक केलं, कारण एचआरने फॉर्म तसाच भरून पाठवला होता आणि मीही वाचला नाही. पुढच्या वर्षी आमच्याच मजल्यावरच्या एका सहकाऱ्याने बायकोच्या कंपनीचं नकाराचं पत्र जोडून बारा आठवडे घेतले. मी हात चोळत बसलो.

२. कुठली तारीख मोजायची

दत्तकाच्या प्रवासात पाच तारखा येतात: बाळाचा जन्म, पोर्टलवर रेफरल म्हणजे ‘तुमच्यासाठी हे बाळ’ असा निरोप, जुळणी मान्य केल्याची सही, बाळ प्रत्यक्ष हातात मिळणं आणि शेवटी दत्तकाचा आदेश. रजा सुरू होते ती चौथ्या तारखेपासून. एचआरला माहीत असतात पहिली आणि पाचवी. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

आमच्या तारखा सांगतो म्हणजे नीट लक्षात येईल. ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार, वसुबारस. संध्याकाळी पणत्या काढत होतो आणि केअरिंग्ज या दत्तक पोर्टलचा रेफरलचा मेसेज आला. रेफरल आल्यावर ४८ तासांत बाळ ‘रिझर्व्ह’ करावं लागतं, ते त्याच रात्री केलं. दिवाळीनंतर ३० नोव्हेंबरला अमरावतीच्या संस्थेत बाळाला भेटलो, तिथल्या समितीसमोर बसलो, मान्यतेची सही केली. त्यानंतर दहा दिवसांच्या आत प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरच्या, म्हणजे आदेश येईपर्यंत बाळ सांभाळण्याच्या, हमीपत्रावर सही करून बाळ घरी आणता येतं. ८ डिसेंबर, शुक्रवारी ती आमच्याकडे आली. आदेश हातात पडला मार्चमध्ये.

म्हणजे ८ डिसेंबर ते मार्च या काळात बाळ घरात आहे, रात्री तीनला दूध मागतंय, आणि कागदोपत्री ते अजून ‘फॉस्टर केअर’मध्ये आहे. एचआरचं म्हणणं होतं की आदेश आला की रजा लावू. अहो, मार्चमध्ये रजा घेऊन काय करू? तोवर ती आजीला ओळखायला लागलेली असणार.

इथे सरकारी नियमाचा दाखला उपयोगी पडतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत, नियम ४३-एए मध्ये, दत्तकासाठी बापाला १५ दिवस आहेत आणि ते बाळ प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये घेतल्यापासून सहा महिन्यांत घेता येतात. पुढे दत्तक पूर्ण झालंच नाही, तर ते दिवस दुसऱ्या शिल्लक रजेतून वळते होतात. खासगी कंपनीवर हा नियम बंधनकारक नाही. पण ‘सरकार ही तारीख धरतं, आणि दत्तक फिसकटलं तर माझ्या पीएलमधून कापा, मी तसं लिहून देतो’ असं म्हटलं की एचआरची भीती जाते. त्यांना अडवायचं नसतं, ऑडिटला दाखवायला काहीतरी हवं असतं.

३. संस्थेतून निघण्यापूर्वी कागद मागून घ्या

बाळ हातात आल्यावर डोकं चालत नाही, म्हणून यादी आधीच खिशात ठेवा.

पहिला कागद म्हणजे त्या हमीपत्राची प्रत, संस्थेच्या शिक्क्यासह. दुसरा म्हणजे संस्थेच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र: अमुक पालक, त्यांचा नोंदणी क्रमांक, अमुक तारखेला बाळ प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये ताब्यात दिलं, दत्तकाच्या आदेशासाठी अर्ज प्रक्रियेत आहे. हे पत्र ठरलेल्या नमुन्यात नसतं, मागितलं तरच मिळतं. दोन मूळ प्रती मागा, एक तुमच्या ऑफिससाठी आणि एक जोडीदाराच्या. आमच्या वेळी शिक्क्याची शाई वाळलेली होती आणि शिक्का अर्धाच उमटला. मॅडम म्हणाल्या, ‘चालतंय की.’ मीही चालवून घेतलं, आणि आठवड्याने एचआरकडून मेल आला की स्टॅम्प वाचता येत नाही. दुसरं पत्र पोस्टाने मागवण्यात आणखी नऊ दिवस गेले.

एचआरच्या चेकलिस्टमध्ये बहुधा ‘अ‍ॅडॉप्शन डीड’ लिहिलेलं असतं. हे दत्तकपत्र १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या वाटेवरचा कागद आहे. नात्यातलं मूल घेताना लोक ते उपनिबंधकाकडे नोंदवतात. संस्थेतून, पोर्टलवरून घेतलेल्या बाळाच्या वाटेत डीड लागत नाही, तिथे आदेश असतो. हे एचआरला मेलवर स्पष्ट लिहा. नाहीतर तुम्ही नसलेला कागद शोधत फिराल आणि ते वाट बघत बसतील. मी ठाण्यात एका वकिलाकडे डीड करायला चाललो होतो, संस्थेतल्या समाजसेविकेने फोनवर थांबवलं.

आणि एक कागद अजिबात द्यायचा नाही. बाळाचा चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि वैद्यकीय अहवाल. त्यात बाळ कुठे, कसं मिळालं हे सगळं असतं. ती तुमच्या मुलीची खासगी गोष्ट आहे, आणि ऑफिसच्या सर्व्हरवर ती किती जण उघडतील सांगता येत नाही. रजेसाठी फक्त ताब्याची तारीख सिद्ध करायची असते. बाकी मजकूर झाकून प्रत द्या.

४. रेफरल आल्या आल्या एक मेल टाका

बाळंतपणाला सहा महिने आधी कल्पना असते. दत्तकात रेफरलनंतर जेमतेम महिना मिळतो. म्हणून नोंदणी झाली की मॅनेजरला तोंडी सांगून ठेवा आणि रेफरल आला की एचआर व मॅनेजर दोघांना लेखी कळवा. इंग्रजीत लिहाल, आशय एवढाच:

‘आम्हाला दत्तकासाठी रेफरल मिळाला आहे. बाळ साधारण अमुक आठवड्यात ताब्यात मिळेल, नेमकी तारीख संस्था दोन-चार दिवस आधी कळवेल. पॉलिसीच्या अमुक कलमाप्रमाणे मी ताब्याच्या तारखेपासून रजा घेईन. पुरावा म्हणून हमीपत्र आणि संस्थेचं पत्र देईन, आदेश आल्यावर तोही देईन. रजा कामाच्या दिवसांत मोजणार की कॅलेंडरच्या, हे कृपया कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका, ते का ते पुढे येतंच.

पहिली भेट रजेत धरली जात नाही, हेही लक्षात असू द्या. २९ नोव्हेंबरच्या रात्री ठाण्याहून अमरावती एक्सप्रेस पकडली, ३० ला संस्था, १ डिसेंबरला सकाळी परत. ताबा मिळण्यापूर्वीचे हे दोन दिवस माझ्या किरकोळ रजेतून गेले. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने (२०१७) तो लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण त्या तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेर न घेतलेल्या बुडतात. त्यामुळे नोंदणी झालेली असेल तर शेवटच्या दोन रजा गणपतीत उडवू नका.

५. पोर्टलवर अर्ज भरताना

माझी रजा अडली ती इथे. आमच्या रजेच्या पोर्टलवर `Adoption Leave` हा पर्याय फक्त महिला कर्मचाऱ्यांना दिसायचा. मी `Paternity Leave` निवडलं. त्याने `Child Date of Birth` विचारलं, मी एप्रिलमधली खरी तारीख भरली. पॅटर्निटी रजा जन्मापासून सहा महिन्यांत घ्यायची, असं सिस्टममध्ये बसवलेलं. आठ महिन्यांचं बाळ म्हणजे मुदत संपली. अर्ज आपोआप नाकारला गेला आणि तो मेल मी रेल्वेत असताना, रेंज नसताना आला, मी वाचलाच नाही.

नंतर फोन केला तेव्हा एचआरची मुलगी फार शांतपणे म्हणाली, ‘सर, सिस्टम डेट ऑफ बर्थ घेतं. तुमची बेबी आठ महिन्यांची आहे ना?’

‘हो, पण आमच्याकडे डिसेंबरमध्येच आलीये.’

‘हो सर, पण तसं फील्ड नाहीये.’

तिचं काही चुकत नव्हतं. उपाय दोनच. एक, एचआरकडून बॅकएंडने रजा टाकून घ्यायची, ज्याला ते ‘मॅन्युअल ओव्हरराइड’ म्हणतात. दोन, ते होईपर्यंत पीएल टाकून ठेवायची आणि नंतर बदलून घ्यायची. जन्मतारखेच्या जागी ताब्याची तारीख मात्र कधीही भरू नका. कोणी सुचवलं तरी नको. तीच तारीख पुढे ग्रुप मेडिक्लेममध्ये जाते आणि बाळाच्या जन्मदाखल्याशी जुळत नाही.

पगाराची कट-ऑफ तारीख विचारून ठेवा. आमची २० होती. वीस तारखेला माझे दिवस ‘नामंजूर’ अवस्थेत होते, म्हणून सगळे दहा बिनपगारी धरले गेले. महिना ७८,००० ग्रॉस, भागिले ३१, गुणिले १०, म्हणजे २५,१६१ रुपये कमी. जानेवारीच्या पगारात ते एरियर्स म्हणून परत आले, पण पीएफचा हिस्सा त्यात धरलेला नव्हता, तो पुन्हा मेल करून लावून घेतला. पगाराच्या स्लिपवर एरियर्स दिसले की पीएफची ओळही बघा.

६. दहा दिवस म्हणजे किती दिवस

पॉलिसीत नुसतं ‘१० दिवस’ लिहिलेलं असतं. ८ डिसेंबरपासून कॅलेंडरचे दहा दिवस मोजले तर १७ तारखेला संपतात. त्यात दोन शनिवार-रविवार जातात आणि कामाचे फक्त सहा दिवस हाती लागतात. कामाचे दहा मोजले तर रजा २१ डिसेंबरपर्यंत जाते. मी लेखी विचारलं होतं आणि ‘वर्किंग डेज’ असं उत्तर मेलवर होतं, म्हणून २१ मिळाली. त्याला २२ ची एक पीएल जोडली, पुढे शनिवार-रविवार आणि नाताळ, थेट २६ ला ऑफिस. काही ठिकाणी दोन रजांच्या मध्ये येणारी सुट्टीही रजेत मोजतात, त्याला सगळे सँडविच म्हणतात. माझी रजा सुट्टीच्या एकाच बाजूला होती, म्हणून ते लागलं नाही. २६ ला आणखी एक पीएल टाकली असती तर मधले तीनही दिवस गेले असते.

तुकड्यांत घेता येते का, हेही विचारा. मिळत असेल तर माझा सल्ला असा: पहिला आठवडा दोघांनी एकत्र घ्यावा, आणि उरलेले दिवस जोडीदार कामावर परत जाईल त्या आठवड्यासाठी ठेवावेत. खरी तारांबळ तेव्हा उडते.

७. सरोगसी आणि घरचं बाळंतपण

सरोगसीत तारखेचा घोळ कमी, कारण जन्म आणि ताबा बहुधा एकाच सुमारास येतात. सरोगसी कायदा २०२१ प्रमाणे पालकत्व आणि ताब्याबाबत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आधीच घ्यावा लागतो. एचआरला तो आदेश आणि जन्माचा दाखला द्या. तुम्हाला सरोगसी का करावी लागली हे सांगणारी वैद्यकीय प्रमाणपत्रं देऊ नका, रजेशी त्यांचा संबंध नाही. खासगी नोकरीत आईला बाळ सोपवल्यापासून १२ आठवडे कायद्याने आहेत, बाबांना पुन्हा पॉलिसीवरच. पॉलिसीत ‘सरोगसी’ शब्द नसेल तर पॅटर्निटीखाली अर्ज करा, जन्मतारीख ताजी असल्याने पोर्टल अडवत नाही. केंद्र सरकारी नोकरीत जून २०२४ च्या दुरुस्तीने अशा बापाला जन्मापासून सहा महिन्यांत १५ दिवस मिळतात, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर.

घरचं बाळंतपण असेल तर केंद्र सरकारी बाबांना तेवढेच १५ दिवस आहेत, प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही. मुदतीत घेतले नाहीत तर बुडतात. दत्तकाच्या १५ दिवसांसाठी मात्र बाळ एक वर्षाच्या आतलं हवं. खासगीत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड लावून अर्ज टाका, महापालिकेच्या दाखल्यासाठी थांबू नका. दाखला नंतर अपलोड करता येतो.

८. आदेश आल्यावर

आदेशाची प्रत एचआरला द्या आणि रजेची नोंद ‘प्रोव्हिजनल’वरून ‘कन्फर्म्ड’ झाल्याचा मेल मागून घ्या. पुढे पालक म्हणून तुमचं नाव असलेला जन्मदाखला येतो, तो मेडिक्लेमच्या नोंदीला जोडा. बाळाचं नाव मेडिक्लेममध्ये घालायला दाखल्याची वाट बघू नका. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत ३० दिवसांची मुदत असते, आणि संस्थेच्या त्याच पत्रावर आमचं काम झालं होतं. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येतात, त्या चार दिवसांसाठीही वेगळी रजा नाही. आमच्या ताई शनिवारी यायला तयार झाल्या, विचारल्यावर.